सक्रियित गाळ प्रक्रिया: प्रवाह आकृतीचे वाचन

सांडपाणी → चाळणी → ग्रिट चेंबर → प्राथमिक निवळण टाकी → वायुवीजन टाकी → दुय्यम निवळण टाकी → निर्जंतुकीकरण → विसर्ग
परतीचा गाळ: दुय्यम टाकीच्या तळातून → वायुवीजन टाकीच्या तोंडाशी
जादा गाळ: दुय्यम टाकीच्या तळातून → गाळ प्रक्रिया

चाळणीत चिंध्या-प्लास्टिक अडते, ग्रिट चेंबरमध्ये वाळू बसते आणि प्राथमिक टाकीत जड सेंद्रिय गाळ खाली जातो. हे टप्पे केवळ भौतिक आहेत. खरे काम वायुवीजन टाकीत चालते. तेथे हवेच्या पुरवठ्याने विद्राव्य ऑक्सिजन साधारण 2 मिग्रॅ/लिटर राखला जातो आणि जिवाणू सेंद्रिय द्रव्य खाऊन वाढतात व एकमेकांना चिकटून तपकिरी पुंजके तयार करतात.

परतीच्या बाणाकडे विद्यार्थ्यांचे हमखास दुर्लक्ष होते, पण 1914 मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेल्या पद्धतीचे मर्म त्यातच आहे: पाणी काही तासांत टाकीबाहेर पडते, जिवाणू मात्र परतीच्या गाळातून फिरत राहून अनेक दिवस टिकतात. त्यांचे सरासरी वय किती ठेवायचे, हे जादा गाळ किती काढतो यावर ठरते.

गाळ नीट बसतो का, हे वायुवीजन टाकीतील मिश्रण एक लिटरच्या मोजपात्रात घेऊन पाहावे. 30 मिनिटांनी गाळ 250 मिलि भरला आणि मिश्रणातील निलंबित घनपदार्थ 2500 मिग्रॅ/लिटर असतील, तर गाळ घनफळ निर्देशांक 250 ÷ 2.5 = 100 मिलि/ग्रॅम येतो, म्हणजे निवळण चांगले आहे; तो 150 च्या वर चढू लागला, तर तंतुमय जिवाणूंचा संशय घ्यावा.