आला एकदाचा! यंदाचा पहिला आंबा 🥭

फोटो मोठा करून बघा. देठाजवळ अजून जरा हिरवट आहे, खांदे भरलेत, देठाची खळी खोल गेलीय आणि पोटावर केशरी झाक आलीय. सालीवर बारीक ठिपके आहेत, एका कुशीला चिकाचा वाळलेला ओघळ आहे. तो मुद्दाम पुसला नाही. आमच्या लहानपणी आंबा असाच दिसायचा, चिकाच्या डागासकट. चकचकीत पुसलेला आंबा फोटोत छान दिसतो, पण चिकाचा डाग असलेला ओळखीचा वाटतो.

हापूस आहे. पहिल्या मोहोराचा. झाडाला एकदम सगळा मोहोर येत नाही, टप्प्याटप्प्याने येतो. थंडीच्या सुरुवातीला जो येतो त्याचं फळ धरलं, तुडतुड्यांनी आणि अवेळी पावसाने त्याला सोडलं, तर मार्चमध्ये असा एखादा हातात पडतो. एका तुऱ्यावर शेकड्यांनी फुलं असतात आणि फळं टिकतात एक-दोन, कधी एकही नाही. म्हणून पहिला आंबा हातात आला की आधी कपाळाला लावायची आजीची सवय मला तेव्हाही बरोबर वाटायची, आजही वाटते.

आता भावंडांनो, हा फोटो टाकलाय तो तुमच्यासाठी. ताई, दादा, आत्याकडची दोघं, मावशीकडची तिघं, सगळ्यांनी वाचा.

माजघराच्या शेजारची ती अंधारी खोली आठवते? दार उघडलं की आधी वास यायचा, मग डोळ्यांना काही दिसायचं. खाली पेंढा, त्यावर आंब्यांचा थर, परत पेंढा, परत थर, सगळ्यात वर गोणपाट. आढीत हात घातला की आत चक्क ऊब लागायची. पिकणारा आंबा स्वतः उष्णता सोडतो आणि इथिलीन वायूही सोडतो. त्या वायूने शेजारचा आंबा पिकायला लागतो, मग त्याच्या शेजारचा. आजीला इथिलीन माहीत नव्हतं, पण एक पिकलेला आंबा कच्च्यांच्या मधोमध ठेवायचा हे पक्कं ठाऊक होतं. दर एक-दोन दिवसांनी ती आढी परतायची. वरचे खाली, खालचे वर. काळा डाग पडलेला लगेच बाहेर. दाबून कधी बघायची नाही, नुसता हातात घेऊन देठापाशी नाक न्यायची आणि सांगायची, "हा उद्याचा. हा परवाचा." आणि तो परवाच तयार व्हायचा.

आम्हाला आढीत हात घालायची मनाई. तरी दुपारी मोठी माणसं आडवी झाली की दार किलकिलं व्हायचंच. दादा, तू गोणपाट उचलून धरायचास आणि ताई आत हात घालायची, कारण तिचा हात बारीक. बाहेर कडक ऊन, अंगणात पाऊल ठेवलं तर चटका बसेल असं, आणि आत थंड शेणाची जमीन आणि तो वास. उन्हाळा म्हटलं की मला ती एकच खोली आठवते. समुद्र नाही, फिरायला गेलो ती गावं नाहीत, नुसती ती खोली.

पहिला आंबा मात्र चोरायचा नसे. तो सगळ्यांसमोर कापला जायचा. आधी घंगाळात पाणी भरून त्यात आंबे सोडायचे. झाडावरून उतरवलेले कच्चे आंबेही आजोबा पाण्यात टाकून बघायचे: बुडला तो जून झालेला, तरंगला तो कोवळा. जून फळ पाण्यापेक्षा जड होतं, म्हणून ही परीक्षा आजही चालते. घरात कच्चे आंबे आले तर करून बघा, मुलांनाही दाखवा. कच्चा आंबा फ्रिजमध्ये मात्र ढकलू नका. थंडीने त्याचं पिकणं बिघडतं, साल काळी पडते आणि तो वास परत येत नाही.

मग विळीवर देठ उडायचा. देठाचा पहिला चीक पाण्यात गेला पाहिजे यावर आजीचा कटाक्ष. आंबा हा काजूच्या आणि बिब्ब्याच्या कुळातला. चिकाने ओठाच्या कोपऱ्यात चट्टा उठतो तो त्यामुळेच. आपल्यापैकी कोणाच्या तोंडावर दर मे महिन्यात तो चट्टा असायचा ते सांगत नाही, ज्याचं त्याला माहीत आहे.

दोन्ही बाजूंच्या फाका आधी धाकट्यांना. कडेच्या बारीक चकत्या मोठ्या मुलांना. साल बायका चाटायच्या, आणि हे मला आता खुपतं. त्या वेळी लक्षातही आलं नव्हतं की आई, काकू, आत्या यांच्या वाट्याला पहिल्या आंब्याची फक्त साल यायची. यंदा मी पहिली फाक आईला दिली. ती म्हणाली, "मुलांना दे आधी." तिच्यासमोर बसून राहिलो, तिने खाल्ल्याशिवाय उठलो नाही.

आणि कोय? कोयीची पाळी ठरलेली असायची आणि ती कोणीही विसरत नसे. कोय मिळालेला मागच्या पायरीवर जाऊन बसायचा. कोपरापर्यंत ओघळ, बनियनवर डाग, आणि कोय पांढरी होईपर्यंत उठायचं नाही.

हापसाचं एवढं झालं. पण खरं सांगू, आमचा उन्हाळा हापसाने सुरू व्हायचा आणि रायवळने भरायचा. हापूस पाहुण्यांसाठी, पेट्या भरून पाठवायला, मोजून खायला. रायवळ आमचा. पहाटे उठून झाडाखाली जायचं, रात्रीच्या वाऱ्याने पडलेले गोळा करायचे, दगडावर घोळवून मऊ करायचे, देठाकडून चीक पिळून टाकायचा आणि तिथेच चोखायचे. मोजणी नाही, वाटणी नाही. विहिरीकडचा साखऱ्या, गोठ्यामागचा गोट्या, आणि वाटेवरचा शेप्या, ज्याला पिकल्यावर शेपूचा वास यायचा. बाहेरची माणसं एक चोखून नाक मुरडायची आणि आपण त्याच्यावर तुटून पडायचो.

शेप्या आता नाही हे तुम्हाला माहीत आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्यात तो मुळासकट आडवा झाला. त्या वर्षी टाळेबंदीमुळे आपण कोणीच उन्हाळ्यात घरी जमलो नव्हतो. झाडाला शेवटचे आंबे आले, पिकले, पडले, आणि ते खायला आपण तिथे नव्हतो. मोठ्या काकांनी फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं, झाडं काय, पुन्हा लावू. नंतर समजलं की हे झाड पुन्हा लावता येत नाही. आपल्याकडच्या आंब्याची कोय रुजवली तर येणारं झाड आईसारखं निघेलच असं नसतं, बहुतेक वेळा निघत नाहीच. प्रत्येक रायवळ स्वतःचीच चव घेऊन येतो. हापूस एवढा पसरला तो कलमांमुळे. कुठलंही हापसाचं झाड पूर्वीच्या हापसाच्या फांदीचाच तुकडा असतं. शेप्याचं कलम कोणी केलंच नव्हतं. ती चव आता कुठेच नाही, आणि आपण ज्यांनी ती चाखली तेवढेच तिचे साक्षीदार आहोत. याचं मला हापसाचा भाव वाढल्यापेक्षा कितीतरी जास्त वाईट वाटतं.

पण साखऱ्या आहे. काकांशी परवाच बोललो. अर्धा वाळलाय, विहिरीकडची फांदी मात्र हिरवी आहे आणि यंदा तिच्यावर मोहोर होता. बारीक कैऱ्या धरल्यात. मे अखेरीला पिकतील.

तेव्हा ऐका, हा फोटो टाकण्यामागे माझं काम आहे. कोकणात पावसाळ्यात कोय-कलमं बांधतात. रायवळच्या ताज्या कोयी जूनमध्ये मातीत घालायच्या, कोंब दोन-तीन आठवड्यांचा लालसर कोवळा झाला की त्यावर आपल्याला हव्या त्या झाडाची काडी बांधायची. काडी साखऱ्याची, खुंट कुठल्याही रायवळचा. काकांना बांधता येतं, त्यांचे हात अजून स्थिर आहेत. त्यांच्याकडून आपल्यापैकी दोघा-तिघांनी तरी शिकून घ्यायला हवं.

म्हणून यंदा मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनी घरी यायचं. मुलांना घेऊन. ताई, तुझ्या लेकीने आंबा फक्त चौकोनी फोडींमध्ये आणि काट्याने खाल्लाय, तिला झाडाखाली नेऊन चोखायला शिकवायचं काम माझं. दादा, आढी तू लावायचीस, पेंढा मी सांगून ठेवतो. आत्याला कोणीतरी गाडीने आणा, तिला आता एसटीचा प्रवास झेपत नाही. तिची खुर्ची साखऱ्याखाली टाकू आणि पहिली फाक तिला देऊ.

आणि तोवर तुमच्या तुमच्या घरी जे रायवळ खाल, बिटक्या खाल, त्यांच्या कोयी फेकू नका. ताज्याच लागतात, वाळल्या की रुजत नाहीत, त्यामुळे निघण्याआधीच्या आठवड्यातल्या तेवढ्या धुऊन ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा. प्रत्येकाने पाच-सहा आणल्या तरी पुष्कळ. कलमं जगली तर एकेक प्रत्येकाच्या दारात, ज्याला दार नाही त्याचं काकांच्या अंगणात.

कोण कधी पोचतंय ते आजच कळवा. काकांना पेंढ्याचं सांगायचंय.

#पहिलाआंबा #हापूस #रायवळ #आढी #साखऱ्या #मेमहिना #आजोळ