प्लेसमेंट रजिस्ट्रेशनचे नियम – फायनल इयर, बॅच 2027 (सही करायच्या आधी पूर्ण वाचा)

सातव्या सेमच्या सगळ्या ब्रँचच्या मुलामुलींनो, रजिस्ट्रेशन फॉर्म सोमवार 6 जुलै 2026 ला उघडतोय आणि शनिवार 18 जुलैला संध्याकाळी 5 ला बंद होतोय. फी काही नाही. आपल्या सेलच्या नावाने कुणी जॉबसाठी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, लगेच मला सांगायचं, मग ती रक्कम 500 रुपये का असेना.

फॉर्म भरणं कंपल्सरी नाही. जीआरई द्यायचीय, कॅटची तयारी चालूय, यूपीएससी-एमपीएससी करायचीय, घरचा धंदा बघायचाय, तर फॉर्ममध्ये 'इंटरेस्टेड नाही' वर टिक करा, कुणी काही बोलणार नाही. मत बदललं तर जानेवारीच्या दुसऱ्या फेजमध्ये परत येता येईल, मध्येच नाही. पण दोन्हीकडे पाय ठेवून बसू नका प्लीज, त्याचा त्रास तुमच्याच बेंचवरच्या कुणालातरी होतो.

फॉर्ममध्ये दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि सहाव्या सेमपर्यंतचे पॉइंटर भरायचे. सीजीपीआयला सरळ दहाने गुणून टक्के काढू नका, युनिव्हर्सिटीचा कन्व्हर्जनचा फॉर्म्युला वापरा. लाइव्ह केटी असली तरी रजिस्टर करता येतं, कंपनी घेईल की नाही ते तिच्या क्रायटेरियावर. केटी किंवा गॅप लपवला आणि तो कंपनीच्या व्हेरिफिकेशनमध्ये सापडला तर तो मुलगा सीझनमधून बाहेर, इथे वॉर्निंग वगैरे नाही. रेझ्युमेची फाइल `COMP_47_Resume.pdf` अशी, म्हणजे ब्रँच आणि रोल नंबर, नाहीतर शंभर 'finalfinal' मधून तुमची शोधत बसावी लागते.

एक ऑफर म्हणजे एकच ऑफर

एकदा सिलेक्शन झालं की पुढच्या रेग्युलर कंपन्यांना अप्लाय करता येणार नाही. सिलेक्शन कधी धरायचं यावरून दरवर्षी वाद होतो म्हणून स्पष्ट लिहितोय: कंपनीची सिलेक्ट लिस्ट सेलच्या मेलवर आली तो क्षण. ऑफर लेटर हातात यायला कधीकधी तीन महिने लागतात, 'सर लेटर कुठे आलंय अजून' हे कारण चालणार नाही.

सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसोबत पीपीओ लेखी पक्का असेल तर ती ऑफर धरली जाते. 'परफॉर्मन्स बघून पीपीओ देऊ' असं असेल तर धरली जात नाही, तुम्ही बाकी कंपन्यांना बसू शकता. ऑफकॅम्पस मिळालं आणि तुम्ही ते स्वीकारलं तर 48 तासांत कळवा, तीही ऑफरच. गेटवरून पीएसयूत जाणाऱ्यांना हे लागू नाही.

एकाच दिवशी दोन कंपन्यांनी सिलेक्ट केलं तर 48 तासांत लेखी सांगायचं कुठली घेणार, दुसरी त्याच दिवशी सोडायची. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने दोन्ही ऑफर पाच महिने धरून ठेवल्या, जॉइनिंगच्या आदल्या आठवड्यात एकीला नाही म्हणाला, आणि ती कंपनी पुढच्या वर्षी आपल्याकडे आलीच नाही. त्याच ड्राइव्हला वेटिंगवर राहिलेली एक मुलगी मे महिन्यात माझ्या केबिनमध्ये रडत होती, तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा नियम इतका कडक आहे तो त्या मुलीसाठी.

ड्रीम ऑफर

हातातल्या ऑफरच्या किमान 1.8 पट आणि कमीत कमी 8 लाख, दोन्ही अटी बसल्या तर ती कंपनी तुमच्यासाठी ड्रीम. 3.6 लाखाची ऑफर असेल तर 1.8 पट म्हणजे साधारण साडेसहा लाख होतात, पण तिथे 8 चीच अट लागते. 6 लाखवाल्याला 10.8 लाख लागतात, 9 लाखवाल्याला 16.2. हिशोब फक्त फिक्स्ड पेचा. जॉइनिंग बोनस, रिटेन्शन, शेअर्स, रिलोकेशन, 'अप टू' वाला व्हेरिएबल, यातलं काही धरणार नाही, कारण बऱ्याचदा 12 लाखाच्या सीटीसीतले हातात येतात ते 7.

पहिल्या ऑफरनंतर ड्रीमला जास्तीत जास्त तीनदा बसता येईल. ड्रीम लागली की पहिली ऑफर आपोआप सुटते, ती सेफ्टीला ठेवता येणार नाही, आणि पहिल्या कंपनीला तसा मेल सेल स्वतः करेल. ड्रीमनंतर परत ड्रीम नाही.

मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, ईएक्सटीसी वाल्यांना एक सूट: आयटीची ऑफर हातात असताना एका कोअर कंपनीला पॅकेज कमी असलं तरी बसता येईल. चार वर्षं मशीन शिकून ज्याला मशीनवरच काम करायचंय त्याला पॅकेजच्या गणितात अडकवणं मला पटत नाही.

ऑफर नाकारली तर

अप्लाय करायच्या आधी नाही म्हणणं पूर्ण मोकळं आहे. अप्लाय केल्यावर टेस्टच्या 24 तास आधीपर्यंत नाव मागे घेता येतं. त्यानंतर न कळवता गैरहजर राहिलात तर पहिल्यांदा वॉर्निंग, दुसऱ्यांदा पुढच्या दोन कंपन्या बंद, तिसऱ्यांदा सीझन संपला. गाड्या बंद पडल्या, सायन-कुर्ल्याला पाणी भरलं, मेगाब्लॉकमध्ये अडकलात तर रिपोर्टिंगच्या वेळेआधी कोऑर्डिनेटरला मेसेज टाका, ते गैरहजर धरणार नाही.

सिलेक्शननंतर नकार दिलात तर उरलेला पूर्ण सीझन बंद, ड्रीमसकट, आणि जानेवारीची फेजही बंद. सेलकडून शिफारसपत्रही मिळणार नाही. मात्र मार्कशीट, एलसी, ट्रान्सक्रिप्ट यातलं काही अडवलं जाणार नाही, तो आमचा अधिकारच नाही, कुणी तसं घाबरवत असेल तर ऐकू नका.

शिक्षा कधी नाही: स्वतःचं किंवा घरातलं गंभीर आजारपण, कागद दाखवून. पुढच्या शिक्षणाची ॲडमिशन, पण रजिस्टर करताना फॉर्ममध्ये ते लिहिलेलं असेल तरच. आणि कंपनीने शब्द फिरवला तर, म्हणजे जेडीत सांगितलेलं पॅकेज, लोकेशन किंवा बाँड लेटरमध्ये वेगळा निघाला, तर बिनधास्त नाही म्हणा, सेल तुमच्या बाजूने कंपनीशी बोलेल. कंपनीने ऑफर रद्द केली किंवा जॉइनिंग नुसतं ढकलत राहिली तर तुम्ही त्याच दिवसापासून परत अनप्लेस्ड, सगळ्या कंपन्या खुल्या.

पण 'घरचे बंगळूरला पाठवत नाहीत', 'नाईट शिफ्ट जमणार नाही', 'दोन वर्षांचा बाँड आहे हे लक्षातच आलं नाही' ही कारणं सिलेक्शननंतर चालणार नाहीत. हे सगळं जेडीत आणि प्री-प्लेसमेंट टॉकमध्ये सांगितलेलं असतं. म्हणून अंडरटेकिंगवर पालकांचीही सही घेतोय. सही नुसती उरकू नका, आईबाबांसोबत बसून चेन्नई, हिंजवडी, बंगळूर ही नावं घेऊन बोला, मुलींच्या बाबतीत तर ही चर्चा नेमकी निकालाच्या रात्रीच सुरू होते आणि हातची नोकरी जाते.

कारवाई चुकीची वाटली तर 5 वर्किंग डेजमध्ये लेखी अर्ज द्या. मी, तुमच्या ब्रँचचे एचओडी आणि दोन विद्यार्थी प्रतिनिधी बसून 7 दिवसांत निर्णय देऊ, आणि तुमचं म्हणणं समोर बसवून ऐकल्याशिवाय निर्णय होणार नाही.

अंडरटेकिंगची प्रिंट, तुमची आणि पालकांची सही, 18 तारखेच्या आत सेलमध्ये आणून द्या. ज्यांचे पालक गावी आहेत त्यांनी सही करून घेऊन स्कॅन पाठवला तरी चालेल, ओरिजिनल गणपतीनंतर दिलं तरी हरकत नाही. काही शंका असेल तर रोज दुपारी 3 ते 5 मी सेलमध्येच असतो, अप्लाय करायच्या आधी या.

– टीपीओ, ट्रेनिंग अँड प्लेसमेंट सेल