वॉर्डन मॅडमना मेसेज: अंगावरचं पुरळ पसरतंय, वेगळी रूम मिळेल का

नमस्कार मॅडम, मी २०७ मधली प्रतीक्षा, एसवाय बीकॉम. खरंतर ऑफिसात येऊनच सांगणार होते पण तिथे कायम चार-पाच जणी गेटपाससाठी उभ्या असतात आणि सगळ्यांसमोर हे बोलायला लाज वाटली, म्हणून इथेच लिहितीये. मेसेज लांब झालाय, सॉरी, पण प्लीज पूर्ण वाचा.

मला खरूज झालीये. काल सरकारी दवाखान्यात स्किनच्या ओपीडीला जाऊन आले, डॉक्टर मॅडमनी बोटांच्या बेचक्या आणि मनगट बघितलं आणि लगेच सांगितलं. केसपेपरचा फोटो खाली टाकलाय.

सुरुवात साधारण तीन आठवड्यांपूर्वी झाली, आधी नुसती बोटांच्या मधे खाज यायची, मला वाटलं भांड्यांच्या साबणाने होत असेल. मग मनगटावर बारीक फोड आले, मग कंबरेला जिथे नाडी बसते तिथे, बेंबीच्या आजूबाजूला, काखेत, आणि आता मांड्यांवर पण आलंय. दिवसा तेवढं नाही पण रात्री लाईट बंद झाली की जी खाज सुटते ना मॅडम, दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही, खाजवून खाजवून काही ठिकाणी रक्त आलंय आणि एका जागी पू पण झालाय, त्याच्या गोळ्या वेगळ्या दिल्यात. मधे मी शहाणपणा करून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती, त्याने चार दिवस बरं वाटलं आणि मग दुप्पट पसरलं. डॉक्टर खूप ओरडल्या, म्हणाल्या त्यात स्टेरॉईड असतं, त्याने खाज दबते पण आतला किडा मरत नाही. किडा म्हणजे डोळ्यांना दिसत पण नाही एवढा बारीक असतो, कातडीत बीळ करून अंडी घालतो, हे ऐकल्यापासून मला जास्तच खाज सुटतीये.

आता रूमचं. तुम्हाला माहितीये की माझ्या कॉटची फळी जूनमधे तुटली, रजिस्टरमधे दोनदा लिहिलंय मी, तक्रार म्हणून नाही सांगत आहे, पण तेव्हापासून मी आणि स्नेहल खाली दोन गाद्या जोडून झोपतो आणि पावसात चादरी वाळत नाहीत म्हणून एकच गोधडी दोघी घेतो. तर तिला परवापासून मनगटाला खाज सुरू झालीये. बाकीच्या दोघींना अजून काही नाही, पण डॉक्टर म्हणाल्या की पहिल्यांदा होत असेल तर लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला महिना-दीड महिना पण लागू शकतो, म्हणजे आता काही दिसत नाही याचा अर्थ झालेलं नाही असा होत नाही. म्हणून रूममधल्या चौघींनी एकाच रात्री क्रीम लावायचं, खाज असो नसो.

क्रीम म्हणजे परमेथ्रिन ५ टक्के, रात्री मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत सगळ्या अंगाला, नखांच्या खाली सुद्धा, आणि सकाळी अंघोळ. मधे हात धुतले तर हाताला परत लावायचं. सात दिवसांनी पुन्हा एकदा तसंच. मी आज रात्री लावणार आहे आणि स्नेहल पण तयार आहे, तिची ट्यूब आणलीये. पण बाकीच्या दोघींची सोमवारपर्यंत इंटर्नल आहे, त्या म्हणतायत आम्हाला काही झालं नाही तर आम्ही का लावायचं, आणि खरं सांगायचं तर कालपासून त्या माझ्या बादलीला पण हात लावत नाहीयेत. मला राग नाही त्यांचा, त्यांच्या जागी मी असते तर मी पण घाबरले असते. पण त्यांनी लावलं नाही आणि त्यांना आतून असेल तर माझं बरं होऊन मला परत होणार, हे असंच फिरत राहणार.

म्हणून विनंती अशी आहे की मेसच्या मागे तळमजल्यावर जी सिक रूम आहे, जिथे आता गणपतीच्या डेकोरेशनचं सामान ठेवलंय, ती मला आजपासून द्याल का, म्हणजे त्या दोघींची परीक्षा होऊन त्या क्रीम लावेपर्यंत. स्नेहलला पण माझ्याबरोबरच पाठवलं तर बरं, दोघींचं औषध एकाच रात्री सुरू होतंय. सामान मी आवरून एका बाजूला लावते, कोणाला सांगायची गरज नाही. दोन कॉट आणि दोन गाद्या फक्त हव्यात, आमच्या गाद्या आम्ही प्लॅस्टिकमधे गुंडाळून वरच ठेवतो, अंगाची ऊब मिळाली नाही की ते किडे दोन-तीन दिवसांत मरतात म्हणे, आपण चार दिवस ठेवू. जेवणाचं ताट मी सगळ्यात शेवटी येऊन घेईन, तसं ताटावाटीतून हे पसरत नाही पण मावशींना उगाच शंका नको.

अजून एक, गरम पाणी. आपला गीझर ६ ते साडेसातच चालू असतो आणि तेव्हा रांग असते. मागच्या तीन-चार दिवसांतले कपडे, चादर, टॉवेल, ओढण्या सगळं कडक गरम पाण्यात धुवायचं आहे, तर उद्या दुपारी तासभर गीझर चालू ठेवायला मावशींना सांगाल का? गोधडी धुतली तर या हवेत आठवडाभर वाळणार नाही, ती पिशवीत घट्ट बांधून ठेवते.

तुम्ही म्हणाल घरीच का जात नाहीस. आई पण तेच म्हणतीये. पण मॅडम ताई बाळंतपणाला आलीये, बाळ सव्वा महिन्याचं आहे आणि आजी त्याच खोलीत झोपते, दोन खोल्यांचं घर आहे आमचं. मी गेले की बाळाला घेतल्याशिवाय राहणार नाही आणि ते मला नकोय. आईला मी सांगितलंय की परीक्षा आहे, तर तिचा फोन आला तर प्लीज तुम्ही पण घाबरवू नका तिला.

आणि ग्रुपवर माझं नाव किंवा रूम नंबर नका ना टाकू. वाटल्यास सगळ्यांना असं सांगा की कोणाला रात्री खाज येत असेल तर दाखवून घ्या आणि टॉवेल, अंथरूण एकमेकींचं वापरू नका. दुसऱ्या मजल्यावर अजून दोघी-तिघी खाजवताना मी बघितल्यात पण त्या पण माझ्यासारख्याच गप्प बसल्या असतील, कारण लोकांना वाटतं ही अंघोळ करत नाही. मी रोज दोनदा करते मॅडम.

डॉक्टरांनी हे पण सांगितलंय की औषध लागू पडलं तरी खाज दोन-तीन आठवडे राहू शकते, म्हणजे मी नंतर खाजवताना दिसले तर बरी झाली नाही असं समजू नका. पुढच्या आठवड्यात परत दाखवायला बोलावलंय, तेव्हाचा पेपर पण तुम्हाला पाठवते.

आज लेक्चरला गेले नाही, रूमवरच आहे. सिक रूमची चावी वॉचमनकाकांकडे आहे की तुमच्याकडे तेवढं सांगा, संध्याकाळी ७ च्या आत सामान हलवते म्हणजे रात्री क्रीम लावता येईल.