टेन ऑफ पेंटॅकल्स: गादी लेकीकडे देताना

काका, नमस्कार. तुमचा प्रश्न होता, येत्या पाडव्याला हळदीच्या पेढीची गादी लेकीकडे द्यावी का. टॅरोची तीन पानं काढली. तुमच्या जागी फोर, तिच्या जागी नाइट आणि निकालाच्या जागी टेन, तिन्ही पेंटॅकल्सचीच. म्हणजे सगळी नाण्यांची पानं. सांगलीच्या व्यापाऱ्याला दुसरं काय येणार!

टेन सुलट आलंय. घराणं, वारसा, पिढ्यांची कमाई असं हे पान. ते आलं की लोक खूश होतात, आणि पेढीच्या पायाबद्दल मलाही काळजी दिसत नाही. पण सोबत फोटो पाठवलाय, तो जरा मोठा करून बघा. पुढे द्राक्षांच्या नक्षीचा झगा घालून म्हातारे गृहस्थ बसलेत. कमानीखाली जोडपं आपल्याच बोलण्यात आहे. म्हाताऱ्यांकडे लक्ष आहे ते दोन पांढऱ्या कुत्र्यांचं. आणि दहापैकी एकही नाणं कुणाच्या हातात नाही, सगळी चित्रावर पसरलेली.

आता तुमचं पान बघा. फोरमधल्या माणसानं एक नाणं छातीशी कवटाळलंय, दोन पायांखाली दाबलीत, चौथं डोक्यावर. त्याला उठताच येणार नाही. मागच्या महिन्यात तिनं गुजरातच्या पार्टीला दिलेला भाव तुम्ही परस्पर फोन करून क्विंटलला दोनशेनं फिरवलात, असं तुम्हीच सांगितलंत. राग मानू नका, पण मला ते पायाखालचं नाणं तिथंच दिसलं.

लेकीच्या पानावर घोडेस्वार पुरुष आहे म्हणून दचकू नका, पानं बाई-पुरुष बघत नाहीत. हा घोडा उभा आहे, मागे नांगरलेलं रान. ती मंद नाही, मोजून पाऊल टाकणारी आहे. तुम्हाला जी तिची ढिलाई वाटते, ती बहुधा हीच.

तेव्हा उत्तर ‘द्या’ असंच आहे, फक्त अर्धी देऊ नका. हरिपूरला हळद साठवायचं जमिनीखालचं पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे, आधी हवा खेळू देत. तसं पाडव्यापर्यंतचे दिवस वापरा. बँकेत तिची सही, भागीदारीपत्रातला बदल, पुतण्याचा हिस्सा हे सगळं सीएसमोर बसून कागदावर घ्या. पुतण्याशी तर आधी बोला. हेच टेन उलटं पडतं तेव्हा वाटणीची भांडणं दाखवतं, आणि तुमच्या घरात तो विषय कुणी काढतच नाही असं दिसतंय.

पाडव्याला वहीपूजन तिच्या हातून होऊ द्या. तुम्ही पेढीवर जरूर जा, पानातले आजोबाही घर सोडून गेलेले नाहीत. फक्त तुमची खुर्ची कुठे ठेवायची, ते तिला ठरवू द्या. आणि भावाचा फोन आला तर तिच्याकडे द्या.