सोन्या, आधी दोन घास खाऊन घे

सोन्या, उठलास ना? आईने पोहे केले असतील, थोडे तरी खा. उपाशीपोटी तुझे हात थरथरतात, मला माहितीये.

मुलाखत अकराला आहे, घाई करू नकोस. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल पकड, बसायला मिळेल आणि शर्टही चुरगळणार नाही. कुर्ल्याला पश्चिमेला उतर, तिथून बीकेसीला शेअर रिक्षा मिळते. ट्रेनमध्ये नोट्स उघडू नकोस रे, आता नवीन काही डोक्यात शिरणार नाही. खिडकीबाहेर बघत बस.

पॅनेलसमोर छातीत धडधडलं तर श्वास हळू सोड, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. धडधड कमी होते. एखादं उत्तर आलं नाही तर सरळ सांग, ‘सर, हे मला माहीत नाही.’ पण प्रोजेक्टबद्दल विचारलं की मोकळेपणाने बोल. ते काम तू रात्र रात्र जागून केलंयस, मी बघितलंय. त्यावर तुझ्याइतकं तिथे कोणीच बोलू शकणार नाही.

निकाल काहीही लागो, मला तुझा अभिमान आहेच.

ओरिजिनल मार्कशीट आणि आधार कार्ड निळ्या फाइलमध्ये आहेत. बाबांच्या पाया पडून निघ. बाहेर आलास की आधी मला फोन कर, मी ऑफिसात असले तरी उचलेन.

– ताई