आयातदाराचा फॉरवर्ड करार: जालन्याच्या सळई कारखान्यावरून सोडवलेली उदाहरणे

जालना एमआयडीसीतल्या एका सळई कारखान्याने परदेशातून २,००,००० डॉलरचं भंगार मागवलं आहे. पैसे तीन महिन्यांनी द्यायचे आहेत, म्हणून तो बँकेशी फॉरवर्ड करार करतो: तेव्हा डॉलर कोणत्या दराने घ्यायचे, ते आजच पक्कं करतो. स्पॉट म्हणजे आत्ताचा दर, प्रीमियम म्हणजे पुढच्या तारखेसाठी त्यात मिळवायची रक्कम. प्रत्येक जोडीत डावा आकडा बँकेच्या खरेदीचा, उजवा विक्रीचा. बँकेचे आजचे दर असे (उदाहरणासाठी धरलेले):

स्पॉट: ८६.४०/८६.४२
१ महिना प्रीमियम: १४/१६ पैसे
३ महिने प्रीमियम: ४३/४६ पैसे
बँकेचं मार्जिन: प्रति डॉलर ४ पैसे

उदाहरण १. करार कोणत्या दराने होईल? मुदतीच्या दिवशी नफा की तोटा?

आयातदार डॉलर विकत घेतो, म्हणजे बँक विकते. म्हणून दोन्ही जोड्यांतला उजवीकडचा, मोठा आकडा घ्यायचा. परीक्षेत सर्वाधिक गुण इथेच जातात: स्पॉट उजवीकडचा घेतात आणि प्रीमियम डावीकडचा.

८६.४२ + ०.४६ + ०.०४ = ८६.९२
२,००,००० × ८६.९२ = ₹१,७३,८४,०००

मुदतीला बँकेचा मार्जिनसह विक्री दर ८८.१५ निघाला, तर करार नसता ₹१,७६,३०,००० लागले असते. फायदा १.२३ × २,००,००० = ₹२,४६,०००. दर ८५.७० निघाला, तर ₹१,७१,४०,००० पुरले असते, तोटा १.२२ × २,००,००० = ₹२,४४,०००. दोन्ही वेळी कारखान्याच्या खात्यातून जातात ते ₹१,७३,८४,०००च. हा नफा-तोटा फक्त तुलनेचा आहे, आणि तुलना मुदतीच्या दिवसाच्या दराशीच करायची. आजच्या ८६.४२शी तुलना केली, तर निघते ती संरक्षणाची किंमत: ५० पैसे, म्हणजे ₹१,००,०००. त्यात प्रीमियम ₹९२,००० आणि मार्जिन ₹८,०००.

वार्षिक प्रीमियम: (०.४६ ÷ ८६.४२) × (१२ ÷ ३) × १०० = २.१३%. रुपया आणि डॉलर यांच्या व्याजदरातला फरक मुख्यतः यात दिसतो. रुपया पुढे एवढाच घसरेल, असं भाकीत त्यात शोधू नये.

उदाहरण २. फक्त ६०% रकमेचा करार केला तर?

मुदतीचा दर ८८.१५ धरा.
१,२०,००० × ८६.९२ = ₹१,०४,३०,४००
८०,००० × ८८.१५ = ₹७०,५२,०००
एकूण ₹१,७४,८२,४००. पूर्ण करारापेक्षा ₹९८,४०० जास्त. दर ८५.७० असता तर एकूण ₹१,७२,८६,४००, म्हणजे ₹९७,६०० कमी. सळईचा विक्रीभाव आधीच ठरला असेल, तर उरलेले ४०% उघडे ठेवणं मला धोक्याचं वाटतं. भाव वाढवून तो फरक ग्राहकाकडून घेता येत नाही.

उदाहरण ३. कंटेनर न्हावा शेव्याला उशिरा आले आणि पैसे द्यायची तारीख महिनाभर पुढे गेली तर?

हा प्रश्न नीट समजून घ्या, प्रत्यक्षात गडबड होते ती इथेच. मुदतवाढ म्हणजे जुना करार त्या दिवशीच्या दराने रद्द करायचा आणि नवा करायचा. रद्द करताना बँक डॉलर परत विकत घेते, म्हणून आता डावीकडचा आकडा, त्यातून मार्जिन वजा.

(अ) मुदतीला स्पॉट ८७.५०/८७.५२, १ महिना १५/१७ पैसे.
रद्द दर: ८७.५० − ०.०४ = ८७.४६
फरक: ८७.४६ − ८६.९२ = ०.५४, कारखान्याला ₹१,०८,००० मिळतील
नवा करार: ८७.५२ + ०.१७ + ०.०४ = ८७.७३
प्रत्यक्ष दर: ८७.७३ − ०.५४ = ८७.१९

(आ) स्पॉट ८५.९८/८६.००, प्रीमियम तोच.
रद्द दर: ८५.९८ − ०.०४ = ८५.९४
फरक: ८६.९२ − ८५.९४ = ०.९८; कारखान्याने ₹१,९६,००० भरायचे
नवा करार: ८६.०० + ०.१७ + ०.०४ = ८६.२१
प्रत्यक्ष दर: ८६.२१ + ०.९८ = ८७.१९

दोन्हीकडे ८७.१९! रुपया कुठेही गेला तरी उशिराची किंमत २७ पैसेच: स्पॉटमधला फरक २, प्रीमियम १७, दोन वेळचं मार्जिन ८. एकूण ₹५४,०००. (बँकेचं रद्द करण्याचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळा.) पण (आ) मध्ये ₹१,९६,००० त्याच दिवशी रोख भरावे लागतात, आणि डॉलर स्वस्त झाल्याचा लाभ हाती येतो महिन्याने. कॅश क्रेडिटची मर्यादा काठोकाठ भरली असेल, तर हिशोब बरोबर असूनही कारखाना अडतो. म्हणून माल निघायची तारीख पक्की नसेल, तर करार करतानाच मुदत दोन-तीन आठवडे जास्तीची धरावी. डॉलर आधी उचलले तरी हिशोब होतो, पण त्याचाही खर्च बँक लावते.

करारामुळे पक्का होतो तो पुरवठादाराला द्यायच्या रकमेचा दर. सीमाशुल्काचं मूल्यांकन सरकारने जाहीर केलेल्या विनिमय दराने होतं, त्यामुळे रुपया घसरला तर शुल्क आणि आयजीएसटीचा आकडा वाढतोच. ती वाढ वरच्या ₹१,७३,८४,००० मध्ये कुठेही आलेली नाही. खर्चाच्या तक्त्यात तिच्यासाठी वेगळी ओळ ठेवा.