बीटी कापूस: शेतकऱ्याचा हिशेब आणि शंकेचा हक्क

विद्यार्थी मित्रहो, पुण्यातल्या या वर्गात बसून बीटी कापसावर, म्हणजे जिवाणूचे जनुक घातल्यामुळे बोंडअळीला मारक प्रथिने स्वतःच तयार करणाऱ्या कापसावर, निकाल देणे सोपे आहे. परंतु २००२ साली परवानगी मिळाल्यानंतर हिरव्या बोंडअळीसाठी ज्याच्या पाठीवर फवारणीचा पंप पूर्वीइतक्या वेळा चढेनासा झाला, त्या शेतकऱ्याने हे बियाणे भोळेपणाने नव्हे, हिशेब करून घेतले.

पुढे गुलाबी बोंडअळी त्याच प्रथिनांना दाद देईनाशी झाली. माझ्या हातातले हे बोंड पाहा: वरून धड, आत सरकी पोखरलेली आणि कापूस पिवळा. अळीत ही प्रतिकारशक्ती पसरू नये म्हणून कडेने बिगर-बीटी आश्रय ओळी लावायच्या होत्या. पण अळीसाठी पीक मोकळे सोडणे दोन एकरवाल्याला कसे परवडावे?

म्हणूनच शंका घेणाऱ्यांना विज्ञानविरोधी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. २०१० मध्ये स्थगित झालेले बीटी वांगे तर थेट आपल्या ताटातले. त्याच्या चाचण्यांची माहिती खुली मागणे रास्तच होते.